पोटाची खातेवही

भिवंडीत धामणकर नाक्याजवळ सुताची पेढी चालविणाऱ्या एका गृहस्थांची ही हकिकत आहे. वय ६१, वजन ७२ किलो. त्यांचा दिवस सकाळी दहापासून दिवेलागणीपर्यंत गादीवर बसून जात असे. सुताचे भाव, यंत्रमागवाल्यांची उधारी आणि गोदामातील गाठींची मोजदाद यांतून उठून चालणे असे होतच नसे. नोव्हेंबरच्या अखेरीस वार्षिक तपासणी झाली. साखर सीमेवर आली होती आणि स्नायूंची ताकद उतरली होती. आहारात प्रथिने आणि तंतुमय पदार्थ वाढवा, असे डॉक्टरांनी सांगितले. सल्ला योग्य होता. तो किती दिवसांत अमलात आणायचा, हे मात्र त्यांनी विचारले नाही आणि डॉक्टरांनीही सांगितले नाही.

व्यापारी माणसाचा स्वभाव असा की सौदा ठरला की माल आजच उचलायचा. त्या रविवारीच त्यांनी सगळे सुरू केले. मुलगा व्यायामशाळेत जात असे, त्याच्या डब्यातील प्रथिनांची पूड घरात होतीच. सकाळी ३०० मिलिलिटर दुधात तिचे दोन मोठे चमचे. दुपारी जेवणाआधी मोठी थाळी भरून काकडी, कोबी आणि टोमॅटो. संध्याकाळी भाताऐवजी वाडगाभर उकडलेले काळे चणे. जेवण संपताना दोन मोठे चमचे इसबगोल आणि चमचाभर भरडलेली अळशी. घरातल्या बाईंनी एवढेच म्हटले, "अहो, एकेक करून घ्या ना. पोट म्हणजे काही गोदाम नाही." त्यांनी ते हसण्यावारी नेले.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून पोट गुडगुडू लागले. तिसऱ्या दिवशी गादीवर बसताना धोतराची गाठ सैल करावी लागली. त्या रात्री बाराच्या सुमारास डाव्या बरगडीखाली दाब आला आणि तो छातीकडे चढू लागला. घाम नव्हता, पण भीती होती. त्यांचे वडील याच वयात हृदयविकाराने गेले होते. मुलाने गाडी काढली आणि ती रात्र रुग्णालयात गेली. हृदयालेख आणि रक्ताच्या चाचण्या दोन्ही निर्दोष आल्या. तपासणाऱ्या डॉक्टरांनी पोटावर बोटे आपटून पाहिली तेव्हा ढोलासारखा आवाज आला. त्यांनी विचारले, "शेठजी, या आठवड्यात खाण्यात काय बदल केलात?" उत्तर ऐकून डॉक्टर म्हणाले, "हृदय ठीक आहे. तुम्ही महिन्याभराचे काम तीन दिवसांत पोटावर टाकले आहे."

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. छातीत दाब आल्यावर रात्रीच रुग्णालयात जाणे हाच शहाणपणा होता. हा वायूच असेल असे घरी बसून कोणीही ठरवू नये. मोठे आतडे डाव्या बरगडीखाली वळण घेते. तेथे वायू अडकला की त्याची कळ छातीची वाटते, आणि दोहोंतला फरक केवळ जाणिवेवरून कळत नाही.

दुसऱ्या दिवशी पेढीवरून परत आल्यावर त्यांनी आयुष्यभर केले तेच केले. वही उघडली आणि जमेच्या रकाना मांडला. सुनेने आहारशास्त्राचा अभ्यासक्रम केलेला होता. ती शेजारी बसून आकडे सांगत गेली.

त्यांचा जुना आहार असा होता : सकाळी खाकरा आणि चहा, दुपारी फुलके, पातळ वरण, भात, भाजी, संध्याकाळी खिचडी किंवा थेपले. यातून दिवसाला सुमारे ५० ग्रॅम प्रथिने आणि २० ग्रॅम तंतुमय पदार्थ मिळत. नव्या आहारात पुडीच्या दोन चमच्यांतून ४८ ग्रॅम, दुधातून १० आणि ६० ग्रॅम कोरड्या चण्यांतून १२ ग्रॅम प्रथिने भर पडली. म्हणजे एकूण १२० च्या आसपास. तंतूंच्या बाजूला चण्यांतून १५ ग्रॅम, इसबगोलातून ८ आणि अळशीतून ३ ग्रॅम आले. म्हणजे २० वरून ४६. काकडी-कोबीचे यात धरलेलेच नाही. दोन्ही खाती एका दिवसात दुपटीच्या पुढे गेली.

सुनेने विचारले, "पप्पा, एखाद्या यंत्रमागवाल्याने उद्यापासून दुप्पट सूत उचलतो म्हटले, तर तुम्ही लगेच द्याल का? त्याच्याकडे माग किती, कामगार किती, हे आधी विचाराल ना?" पोटाचेही तसेच आहे. फरक इतकाच की येथले कामगार दिसत नाहीत.

हे कामगार म्हणजे मोठ्या आतड्यातील सूक्ष्म जीव. चणे, राजमा, वाटाणे, अख्खे मूग अशा कडधान्यांत काही विशिष्ट शर्करा असतात. त्या तोडण्याचे पाचक द्रव्य मनुष्याच्या लहान आतड्यात नसते. कोणाच्याच नसते, त्यामुळे तो कोणाचा दोष नव्हे. त्या शर्करा न पचताच मोठ्या आतड्यात उतरतात. तेथील जीव त्यांवर आंबवण्याची क्रिया करतात आणि त्यातून हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि काहींच्या बाबतीत मिथेन असे वायू निर्माण होतात. पुरवठा हळूहळू वाढला तर ही वस्ती त्या अन्नाला सरावते आणि तीन-चार आठवड्यांत बहुतेकांचा त्रास बराच उतरतो. पुरवठा एकदम वाढला तर वायू बाहेर पडण्याच्या वेगापेक्षा तो निर्माण होण्याचा वेग अधिक होतो. मग पोट फुगते.

प्रथिनांविषयी एक गैरसमज आहे की त्यांनीच वायू होतो. प्रथिने बहुतांशी लहान आतड्यातच पचून शोषली जातात. वायू होतो तो त्यांच्या सोबत्यांमुळे. कडधान्यांत ते सोबती म्हणजे वर सांगितलेल्या शर्करा. दुधात तो सोबती म्हणजे दुग्धशर्करा. पुडीच्या डब्यात दुग्धशर्करेबरोबर गोडी आणणारी कृत्रिम द्रव्ये, घट्टपणा आणणारे डिंक आणि कधी कधी वरून मिसळलेले तंतूही असतात. ३०० मिलिलिटर दुधात सुमारे १४ ग्रॅम दुग्धशर्करा असते. मठ्ठ्याच्या साध्या पुडीतून आणखी दोन-तीन ग्रॅमची भर पडते. प्रौढपणी ही शर्करा पचविण्याची शक्ती पुष्कळ भारतीयांत कमी होते. अशांपैकी बहुतेकांना एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत चालते, पण त्यापुढे गडबड सुरू होते. हे गृहस्थ चहात दूध घेत आले होते आणि त्यांना कधी त्रास झाला नव्हता. कारण चहातले दूध थोडे होते.

आता गुन्हेगार तीन उभे राहिले : सकाळचा पेला, संध्याकाळचे चणे आणि रात्रीचे इसबगोल. त्यांतला कोण किती दोषी हे घड्याळ सांगते. दुग्धशर्करेचा त्रास साधारण अर्ध्या तासापासून दोन-तीन तासांत सुरू होतो. पोट गुडगुडते, कधी पातळ शौच होते. कडधान्यांचा त्रास उशिरा येतो, कारण त्या शर्करा मोठ्या आतड्यात पोहोचायला काही तास लागतात. संध्याकाळी साडेपाचचे चणे रात्री बाराला बोलू लागतात, ते यामुळे. इसबगोलाचा प्रकार निराळा. ते फारसे आंबत नाही, पण पाणी शोषून फुगते आणि पाणी कमी पडले तर आतड्यात जड होऊन बसते. त्याने वायूपेक्षा भरल्यासारखे वाटणे आणि शौचास न होणे, हे अधिक.

आणि पाण्याचाच येथे खरा प्रश्न होता. ते चौविहार पाळत असत. डिसेंबरात भिवंडीत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. त्यानंतर अन्नही नाही, पाणीही नाही. सकाळी नवकारशी, म्हणजे सूर्योदयानंतर ४८ मिनिटे. एकूण जवळजवळ चौदा तास पोटात पाण्याचा थेंब जात नसे. या चौदा तासांच्या तोंडावर, पावणेसहाला, अर्ध्या पेल्याबरोबर दोन मोठे चमचे इसबगोल! सामान्य सल्ला असतो की रात्री झोपताना इसबगोल घ्या आणि वर भरपूर पाणी प्या. चौविहार पाळणाऱ्याने त्यातला पहिला भाग घेतला आणि दुसरा घेऊ शकला नाही, तर औषधच अडचण होते.

मुलाने सुचवले की काही दिवस चौविहार सोडावा. त्यांनी नकार दिला. सून म्हणाली, "सोडायची गरजच नाही. वेळ बदलू या." इसबगोल दुपारी तीनला घ्यायचे, भरलेल्या पेल्यात ढवळून लगेच, आणि त्यावर आणखी एक पेला पाणी. मग सूर्यास्तापर्यंत तीन तास हाताशी राहतात. ज्यांना इतर औषधे चालू आहेत त्यांनी ती आणि इसबगोल यांत दोन तासांचे अंतर ठेवावे. इसबगोल कोरडे कधीही तोंडात टाकू नये, कारण ते घशात फुगते. आणि ज्यांना घास गिळताना अडते त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊच नये.

कडधान्यांबाबतही तयार सल्ला घराच्या नियमांत बसत नव्हता. मोड आणा म्हणजे पचायला हलके होते, असे सर्वत्र सांगतात. मोड आणल्याने त्या शर्करा कमी होतात हे खरे आहे. परंतु अनेक जैन घरांत अंकुरित धान्य वर्ज्य असते, आणि रात्रभर भिजवलेलेही काही घरांत चालत नाही. त्यासाठी दिवसाचाच मार्ग आहे. सकाळी आठला कोमट पाण्यात मूग भिजत घालावेत. दुपारी दोनला ते पाणी टाकून द्यावे, मूग दोन वेळा धुवावेत आणि नव्या पाण्यात बोटाने सहज चिरडतील इतके शिजवावेत. भिजवलेल्या पाण्यात त्या शर्करांचा काही भाग उतरलेला असतो, म्हणून ते पाणी टाकायचे. हिंग आणि सुंठ घरात चालतातच. सालासकट अख्ख्या धान्यापेक्षा सोललेली डाळ सोपी, आणि डाळींत मुगाची सर्वांत सोपी. चणे, राजमा आणि वाटाणे हे शेवटच्या पायरीचे. कच्चे दही-ताक आणि डाळ एकत्र न घेण्याचा नियम असेल तर दही सकाळच्या साध्या खाकऱ्याबरोबर आणि डाळ दुपारी, अशी विभागणी आपोआप होते. पोटालाही ती सोयीची पडते.

मग लक्ष्य किती ठेवायचे हा प्रश्न आला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात. मुख्यतः धान्यावर जगणाऱ्यांनी ती १ ग्रॅमपर्यंत न्यावीत. ७२ किलोच्या माणसाला म्हणजे ६० ते ७२ ग्रॅम. त्यांना वाढ हवी होती फार तर २२ ग्रॅमची. त्यांनी घेतली ७०. तंतूंचे प्रमाण दिवसाला सुमारे ३० ग्रॅम धरतात. तेथे वाढ हवी होती दहाची आणि त्यांनी घेतली सव्वीस. आकडे मांडल्यावर ते बराच वेळ वहीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "गिऱ्हाईक मागतच नव्हते, आणि मी माल पाठवत राहिलो."

पुढची योजना वहीच्या दुसऱ्या पानावर लिहिली गेली. पहिले चार दिवस सगळे नवे बंद. जुना आहार, जेवणानंतर वीस मिनिटे चालणे आणि दिवसा कोमट पाणी. चौथ्या दिवशी पोट पूर्ववत झाले. हे महत्त्वाचे होते, कारण त्यावरून कळले की दोष आहारातल्या उडीचा आहे. सगळे थांबवूनही पोट फुगलेलेच राहिले असते तर तपास वेगळ्या दिशेने करावा लागला असता.

पहिल्या आठवड्यात एकच बदल : दुपारी पातळ वरणाबरोबर ३० ग्रॅम मुगाच्या डाळीची घट्ट वाटी. प्रथिने ७ ग्रॅम वाढली, तंतू ३. पोट शांत. दुसऱ्या आठवड्यात ५० ग्रॅम पनीर, म्हणजे आणखी ९ ग्रॅम प्रथिने. पनीर करताना दुग्धशर्करा बरीचशी पाण्याबरोबर निघून जाते, त्यामुळे पेलाभर दुधाने गडबड होणाऱ्यालाही ते बहुधा चालते. तिसऱ्या आठवड्यात दिवसा भिजवलेले अख्खे मूग. आधी दोन दिवस दोन चमचे, मग चार, मग ३० ग्रॅम कोरड्या मुगांची पूर्ण वाटी. त्यातून प्रथिने ७, तंतू ५. या आठवड्यात दोन संध्याकाळी थोडा वायू झाला. त्यांनी प्रमाण निम्म्यावर आणले, तीन दिवस तेथेच थांबले आणि पुन्हा वाढवले. या वेळी काही झाले नाही. चौथ्या आठवड्यात दुपारी तीनला इसबगोल, मोठे दोन चमचे नव्हे, मोठा एकच चमचा, म्हणजे सुमारे ४ ग्रॅम तंतू.

महिनाअखेरीस बेरीज केली. प्रथिने ५० अधिक ७ अधिक ९ अधिक ७, म्हणजे ७३. तंतू २० अधिक ३ अधिक ५ अधिक ४, म्हणजे ३२. पुडीचा डबा उघडावाच लागला नाही. तो मुलाकडे परत गेला. मुलालाही सकाळी पोट गुडगुडण्याचा त्रास होताच, पण तो सांगत नसे. त्याने दुधाऐवजी पाण्यात एकच चमचा घेऊन पाहिला आणि त्रास थांबला. ज्यांना पूड घ्यायचीच आहे त्यांनी डब्यावरील हिरवा ठिपका पाहावा तसाच घटकांचा तक्ताही पाहावा. दुग्धशर्करा जवळजवळ काढून टाकलेले प्रकार वेगळे मिळतात, आणि यादीत गोडी आणणारी द्रव्ये जितकी कमी तितके बरे.

वहीत त्यांनी चार रकाने ठेवले होते : काय खाल्ले, किती वाजता, त्रास किती वाजता, शौच कसे. हे चौथे लिहिताना पहिले दोन दिवस त्यांना संकोच वाटला. पुढे तोच रकाना सर्वांत उपयोगी ठरला, कारण इसबगोलाची वेळ बरोबर आहे की नाही, हे तेथेच दिसत होते.

या पद्धतीला मर्यादा आहेत, त्याही त्याच वहीत सुनेने लिहून ठेवल्या. मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रथिने स्वतःच्या मनाने वाढवू नयेत. वजन आपोआप घटत असेल, शौचातून रक्त जात असेल किंवा ते काळे होत असेल, रक्त कमी झाले असेल, वेदनेने रात्री झोप मोडत असेल किंवा पन्नाशीनंतर शौचाची सवय प्रथमच बदलून तशीच राहिली असेल, तर मूग आणि चणे यांचा हिशेब बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे. पोट फुगले आहे, उलट्या होत आहेत आणि वायू व शौच दोन्ही बंद आहेत, अशी स्थिती आली तर एक तासही थांबू नये. आणि जो एकेक पदार्थ महिनाभर हळूहळू वाढवूनही त्रासातच राहतो, त्याच्या आतड्याची संवेदनशीलताच अधिक असू शकते. त्याचे लक्ष्य ३० वर न्यायचे की २५ वर थांबवायचे, हे जाणकाराने ठरवावे.

पुढच्या चातुर्मासात आणखी एक गोष्ट लक्षात आली. हिरव्या भाज्या सुटल्या तसे तंतू खाली आले. कार्तिकी पौर्णिमेनंतर मेथी आणि पालक पुन्हा ताटात आले तेव्हा घरातल्या बाईंनी पहिल्या दिवशी अर्धी वाटीच वाढली. त्यांनी ताटाकडे पाहिले आणि काही न बोलता वही मागितली. दर वर्षी चार महिन्यांनी होणारी ही छोटी उडी त्यांनी आजवर पोटाचा हवामानबदल समजून सोसली होती.

जानेवारीतल्या एका संध्याकाळी पेढीवर एक जुना यंत्रमागवाला आला. त्याने तक्रार केली की आठ दिवसांपासून चणे खातोय, पोट दगड झाले आहे. शेठजींनी उधारीची वही बाजूला सारली, गल्ल्यातून दुसरी वही काढली आणि विचारले, "किती वाजता खाता? आणि दुखते किती वाजता?"